साठ दिवस फोन ऐकला आणि काहीच सापडलं नाही, तर हे मला कधी कळेल का?

उंबरठा

मी वकील नाही. निकालपत्रं वाचायची खोड आहे, एवढंच. परवा मुंबई उच्च न्यायालयाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा एक निकाल वाचला. सीबीआयचं लाचेचं प्रकरण होतं. एका व्यावसायिकाने सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याला कर्जासाठी दहा लाख रुपये दिले असा आरोप होता. त्याचा फोन ऐकण्याचे तीन आदेश केंद्रीय गृहखात्याने काढले होते, दोन २००९ च्या अखेरीस आणि एक फेब्रुवारी २०१० मध्ये. न्यायालयाने तिन्ही रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं, त्यांच्या प्रती सगळं नष्ट करायला सांगितलं. कारण साधं होतं. कायद्यात लिहिलंय की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच फोन ऐकता येतो. दहा लाखांच्या लाचेत यातलं काहीच दिसत नव्हतं.

वाचून आधी बरं वाटलं आणि मग प्रश्न पडला. या माणसाला आदेश झाल्याचं कळलं, कारण त्याच्यावर आरोपपत्र आलं आणि त्याला ते संभाषण जोडलेलं होतं. पण समजा साठ दिवस ऐकलं, काही निघालं नाही, फाईल बंद झाली. त्या माणसाला कधी कळतं का? २०१७ साली गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं ना? मग हक्क मोडल्याचंच कळत नसेल तर तो मागायचा कुठे?

टवाळ_टोळ

माझा फोन कोणी ऐकत असेल तर त्याला माझ्यातर्फे दंडवत. सकाळी आई, दुपारी कर्जवाले, रात्री परत आई. साठ दिवस टिकला तर त्याला पदक द्या.

अर्धविराम

@उंबरठा, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय फोन टॅप करणं बेकायदाच आहे. तुम्ही वाचलेला आदेश जुना, २००९ चा, म्हणून ते चालून गेलं होतं.

निर्धास्त

मला या विषयावरचा आरडाओरडा कधीच कळला नाही. ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली?

माझं उदाहरण देतो. माझे मामा, वय ७४, विस्मरणाचा आजार. दुपारी घरातून निघाले ते रात्रीपर्यंत परत आले नाहीत. आम्ही पोलिसांकडे गेलो. त्यांनी फोन टॅप केला आणि दोन-अडीच तासांत ते कुठल्या भागात आहेत ते सांगितलं. बसस्थानकाच्या बाकावर सापडले. त्या रात्री पोलिसांनी आधी न्यायाधीशांना उठवलं असतं, मग गृहसचिवांना उठवलं असतं, तर? तुमचा मूलभूत हक्क घेऊन मी काय करणार होतो?

कलमबहाद्दर

दोन्ही गोष्टी थोड्या सुटसुटीत करतो. सतरा-अठरा वर्षं याच कोर्टबाजीत गेली आहेत.

@अर्धविराम, तुमचं अर्धं बरोबर आहे. पुट्टस्वामी निकालाने कसोटी दिली: राज्याला तुमच्या खासगीपणात शिरायचं असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वैध हवा आणि केलेली कृती त्या हेतूच्या मानाने बेताची हवी. पण न्यायाधीशाची आगाऊ परवानगी लागेल, असं त्या निकालाने फोन टॅपिंगबद्दल म्हटलेलं नाही. आजही परवानगी गृहसचिवच देतो. केंद्राचा किंवा राज्याचा.

याचं मूळ १९९६ मध्ये आहे. नेत्यांचे फोन टॅप झाल्याचा गवगवा झाला होता, त्यावर पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. कायदा १८८५ चा, टेलिग्राफचा, त्याचं कलम ५(२). त्यात अधिकार होता, पण तो कसा वापरायचा याचे नियमच सरकारने शंभराहून अधिक वर्षं केले नव्हते. याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की आधी न्यायालयाची परवानगी हवी. ते न्यायालयाने मानलं नाही. त्याऐवजी त्याने स्वतःच चौकट आखून दिली: आदेश फक्त गृहसचिवाने काढायचा, दोन महिन्यांची मुदत, वाढवत नेला तरी एकूण सहा महिने, आणि प्रत्येक आदेश एका आढावा समितीने तपासायचा. पुढे २००७ मध्ये हीच चौकट नियम ४१९-अ म्हणून आली, मुदत ६० आणि १८० दिवस अशी झाली. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे आणि डिसेंबर २०२४ चे नवे नियम. सांगाडा तोच आहे.

@निर्धास्त, मामा सापडले हे फार चांगलं झालं. पण तुमच्या मामांचा फोन कोणी ‘टॅप’ केला नव्हता. पोलिसांनी कंपनीकडून त्यांच्या फोनचं ठिकाण घेतलं, म्हणजे तो कुठल्या टॉवरच्या कक्षेत आहे ते. बोलणं ऐकणं वेगळं. ते ठिकाण मिळवायला गृहसचिवाला उठवावं लागत नाही, तेव्हाही लागत नव्हतं.

निर्धास्त

टॅप म्हणा की ठिकाण म्हणा, माहिती माझ्या मामांचीच ना? त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि विचारण्यासारखी त्यांची अवस्थाही नव्हती. माझा मुद्दा तोच राहतो.

उंबरठा

नाही, उलट यामुळे माझी काळजी वाढली. बोलणं ऐकायला गृहसचिव, पण मी कुठे होते, कोणाला किती वाजता फोन केला, हे घ्यायला गृहसचिव नको?

कलमबहाद्दर

नको. त्याला सीडीआर म्हणतात. त्यात तुमचा एक शब्द नसतो. कोणाला लावला, कोणाचा आला, किती सेकंद, हँडसेटचा क्रमांक, सुरुवातीला कुठला टॉवर आणि शेवटी कुठला टॉवर, एवढंच. हे तपासात कागदपत्र मागवण्याच्या साध्या अधिकाराखाली मिळतं. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम ९१ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. प्रघात असा की पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून मागणी जायला हवी. कंपन्यांनी हे दोन वर्षं साठवून ठेवायचं असतं. डिसेंबर २०२१ पर्यंत एक वर्ष होतं.

आणि खरं सांगू का, माझ्या फौजदारी प्रकरणांत बोलण्यापेक्षा सीडीआरच माणसाला जास्त उघडं पाडतं. रात्री अकरा ते सकाळी सहा फोन एकाच टॉवरवर म्हणजे घर. दर गुरुवारी चार वाजता दुसऱ्या टॉवरवर पन्नास मिनिटं. त्या टॉवरखाली एक डायलिसिस केंद्र आहे, किंवा वकिलाचं ऑफिस आहे, किंवा पत्रकाराचं घर आहे. ऐकायची गरजच काय?

टवाळ_टोळ

किंवा माझं क्रिकेटचं मैदान आहे आणि बायकोला मी ‘मीटिंग’ सांगितलंय. कलमबहाद्दर, गुरुवारचा उल्लेख काढता का प्लीज.

रानजाई

बरं झालं धागा निघाला. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने तिचे सगळे कॉल गुपचूप रेकॉर्ड केले आणि आता घटस्फोटाच्या प्रकरणात लावलेत. ही गोपनीयतेची पायमल्ली नाही का? या आढावा समितीकडे तक्रार कशी करायची? अर्जाचा नमुना असेल तर कृपया द्यावा.

कलमबहाद्दर

रानजाई ताई, ती समिती फक्त सरकारच्या आदेशांसाठी आहे, आणि तिच्याकडे नागरिकाने अर्ज करण्याची सोयच नाही. नवऱ्याने स्वतःच्या बायकोशी झालेलं बोलणं चोरून रेकॉर्ड केलं असेल तर ते वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. मात्र त्याने तिचे इतर लोकांशी झालेले कॉल ॲप टाकून पकडले असतील तर गोष्ट वेगळी होऊ शकते. तिच्या वकिलांना नेमकं हेच विचारा: रेकॉर्डिंगमध्ये तो स्वतः बोलतोय की नाही.

रानजाई

दोन्ही प्रकारचे आहेत. विचारते. आभार.

जुना_टेलिफोनवाला

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. तेहतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, निवृत्त होऊन जमाना झाला.

तांब्याच्या तारांच्या काळात टॅपिंग म्हणजे काय होतं ते सांगतो. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी लोखंडी चौकट असते. गावातल्या प्रत्येक घराची तारेची जोडी तिथे येऊन बसते. वरून लिफाफा यायचा, तो फक्त साहेब उघडायचे. मग ठरलेला एक माणूस त्या जोडीवरून एक जादा जोडी काढायचा, आम्ही जंपर म्हणायचो, ती दुसऱ्या खोलीत जायची. संपलं. आम्हाला नंबर दिसायचा, कारण कळायचं नाही. पण एक होतं. चौकटीवर ती जादा तार डोळ्यांना दिसायची. कुठल्या नंबरवर काही बसलंय हे चार-पाच जणांना माहीत असायचंच. बोलायचं नाही, एवढंच.

लोक विचारतात, फोनमध्ये टकटक आवाज येतो म्हणजे टॅप आहे का? त्या काळी खराब जोडामुळे करकर व्हायची, तेव्हाही ती शंभरात नव्याण्णव वेळा ओल शिरल्यामुळे असायची. आता तर प्रत कंपनीच्या स्विचमध्येच निघते, तुमच्या हँडसेटपर्यंत त्याचा काही मागमूस येत नाही. आवाजावरून ओळखता येत नाही, हे लिहून ठेवा.

माझा पुतण्या या क्षेत्रात आहे. त्याच्याकडून कळलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कंपनीत नोडल अधिकारी असतात. आदेश आला की दोन तासांत पोच द्यायची. आणि दर पंधरा दिवसांनी, आलेल्या सगळ्या आदेशांची यादी तपास यंत्रणांना परत पाठवायची: हे आदेश तुमचेच ना, खात्री करून द्या. म्हणजे खोट्या कागदावर कोणी नंबर चढवला असेल तर निदान पंधरवड्याने तरी उघड पडावं.

निर्धास्त

बघा, म्हणजे व्यवस्था आहे की. गृहसचिव, समिती, पंधरवड्याची यादी. अजून काय हवं?

घड्याळजी

समितीबद्दल एक हिशेब मांडतो. आकडे माझे नाहीत, २०१८ च्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या अहवालात आहेत. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराचा हवाला देऊन त्यांनी लिहिलंय की एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं. आढावा समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश.

समजा बैठक आठ तास चालली. चहा नाही, जेवण नाही. आठ तासांचे २८,८०० सेकंद. १८ हजार आदेश. एका आदेशाला १.६ सेकंद. १५ हजार धरले तरी दोन सेकंद भरत नाहीत.

समितीत कोण? कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. देशातली सर्वात व्यग्र तीन माणसं.

टवाळ_टोळ

१.६ सेकंदात माझं तर ‘सार्वजनिक सुरक्षितता’ वाचूनही होत नाही.

अर्धविराम

कलमबहाद्दर, आधीची चूक मान्य. पण मग एक सांगा. समितीने आदेश बघितलाच नाही, किंवा गृहसचिवाने कारणच दिलं नाही, तरी ते रेकॉर्डिंग कोर्टात चालतं का? चालत नसेल तर यंत्रणा आपोआप नीट वागेल. पुरावा वाया जाईल या भीतीने.

कलमबहाद्दर

अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत, आणि याचं एका शब्दात उत्तर नाही.

आपल्याकडे जुनी रीत अशी की पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो खरा आणि संबंधित आहे का ते बघायचं. १९७३ चं मलकानी प्रकरण याचं मूळ. मलकानी मुंबईचे कॉरोनर, एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप. त्यात बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. न्यायालय म्हणालं, चालेल. नंतर संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्येही तोच सूर: टॅपिंगच्या आदेशात नियमभंग झाला असला तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही.

२०१९ च्या मुंबईच्या निकालाचं मोल इथे आहे. खंडपीठाचं म्हणणं असं की गोपनीयता आता मूलभूत हक्क आहे, पीयूसीएलची चौकट पाळलेली नसताना मिळवलेलं चालवून घेतलं तर ती चौकट कागदावरच राहील. म्हणून नुसता आदेश रद्द करून ते थांबले नाहीत, रेकॉर्डिंगही नष्ट करायला लावलं.

पण हा शेवटचा शब्द नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये, आठवड्याभराच्या अंतराने, दोन उच्च न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले. दिल्लीने म्हटलं, मोठ्या सरकारी कामातला भ्रष्टाचार देशाच्या अर्थव्यवस्थेवर परिणाम करतो, त्यामुळे तो सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो. मद्रासने म्हटलं, लाचेच्या तपासासाठी गुपचूप ऐकण्याचा अधिकार या कलमाने दिलेलाच नाही. त्या प्रकरणात ऐकलेली सामग्री आढावा समितीपुढे ठेवलीच नव्हती, हेही मद्रासने धरलं. २०११ चा आदेश २०२५ मध्ये रद्द झाला. एकाच कलमाचा अर्थ दिल्लीत एक आणि चेन्नईत दुसरा.

नव्या नियमांत एक सुधारणा मात्र आहे. तातडीच्या वेळी गृहसचिवाची वाट न बघता यंत्रणेचा प्रमुख स्वतःच ऐकणं सुरू करू शकतो. तीन कामाच्या दिवसांत कळवायचं आणि कामाच्या सात दिवसांत मंजुरी घ्यायची. मंजुरी आली नाही तर ऐकणं थांबतंच, शिवाय तोवर ऐकलेलं कुठेही वापरता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही नाही, असं आता स्पष्ट लिहिलंय. जुन्या नियमात पुराव्याबद्दलचं हे वाक्य नव्हतं. फक्त हे तातडीच्या आदेशांना लागू आहे. रीतसर आदेश काढला आणि तो समितीने १.६ सेकंदात सोडला, तर त्याला असं काही लागू होत नाही.

निर्धास्त

लाच घेणारा सुटावा असं वाटतं का तुम्हा लोकांना? मुंबईच्या निकालात आरोपीचं बोलणं खरं होतं की खोटं? खरं असेल तर नष्ट करून काय साधलं?

उंबरठा

निर्धास्तदादा, हा प्रश्न मलाही बोचला होता. तेव्हा मी कायद्यातलं कलम काढून वाचलं. त्यात पाच कारणं आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं. त्याच्याही आधी उंबरठा ओलांडायचा आहे (माझ्या नावाचा योगायोग समजा): सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. आणि १९९६ मध्येच सांगितलंय की ती परिस्थिती साध्या समंजस माणसाला दिसण्यासारखी हवी, फाईलमध्ये दडलेली नको. ‘गुन्ह्याचा तपास’ हे कारण त्या यादीत कुठेच नाही. संसदेला ते घालायचं असतं तर २०२३ मध्ये नवा कायदा करताना संधी होती.

म्हणजे लाच पकडू नये असं नाही. सापळा लावता येतो, बँकखाती तपासता येतात. पण हे हत्यार त्यासाठी दिलेलं नाही.

जुना_टेलिफोनवाला

+१. आमच्याकडे पान्याने खिळा ठोकला तर मेमो मिळायचा.

निर्धास्त

ठीक आहे, यादीत नाही तर नाही. मग यादीत घाला, असं मी म्हणेन.

घड्याळजी

घातलं तर दोन सेकंदांचे अर्धा सेकंद होतील.

अर्धविराम

आणि सीडीआरचं काय? तिथे तर समितीही नाही. २०१३ मध्ये राज्यसभेतल्या तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्यांचे, अरुण जेटलींचे, सीडीआर मिळवायचा प्रयत्न झाला होता. दिल्ली पोलिसांतल्या एका हवालदाराला त्यात अटक झाली, वरिष्ठाच्या ईमेलवरून मागणी पाठवल्याचा आरोप होता. हे आठवलं कारण तेव्हा दोन्ही बाजूंचे खासदार सारखेच चिडले होते. विरोधी पक्षनेत्याच्या बाबतीत उघड झालं. साध्या माणसाचे काढले तर?

कलमबहाद्दर

साध्या माणसाचे काढले तर बहुतेक वेळा नवरा-बायको, भागीदार किंवा भाडेकरूचं भांडण असतं आणि मधे कोणी खासगी गुप्तहेर असतो. कळतं कसं? समोरचा बोलता बोलता अशी तारीख-वेळ सांगून जातो जी फक्त कंपनीलाच माहीत असणार. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत असंच झालं. पुढे चौकशीत निघालं की भलत्याच गुन्ह्याच्या कागदावर, मधे त्याचा नंबर घुसडून मागणी गेली होती. यादीत अकरा नंबर, दहा खरे. अधीक्षकांनी सही करताना अकरा नंबर एकेक करून तपासले नसणार, त्यांच्याकडे तसे रोज येतात.

टवाळ_टोळ

म्हणजे पुन्हा १.६ सेकंद.

उंबरठा

मूळ प्रश्नाकडे येऊ का? कळेल की नाही? आरोपपत्र आलं तर कळतं, हे समजलं. नाही आलं तर?

मी माहिती अधिकारात विचारू शकते का की माझ्या नंबरवर कधी आदेश होता का?

कलमबहाद्दर

विचारू शकता, मिळणार नाही. कलम ८(१) मध्ये सुरक्षेची आणि तपासाची सूट आहे, ती लावली जाते. कंपनीला विचारलं तर तिच्यावर गुप्ततेचं बंधन, तिने सांगितलं तर तिचाच परवाना धोक्यात. नव्या विदा संरक्षण कायद्यात कंपनीला ‘माझी माहिती कोणाला दिली’ विचारण्याची तरतूद आहे, पण कायद्याने अधिकृत यंत्रणेला तपासासाठी दिलेली माहिती त्यातून वगळली आहे. शिवाय कलम १७(२) खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अख्ख्या कायद्यातूनच सूट देऊ शकतं.

आणि नंतर कळवण्याची तरतूद? नाही. जुन्या नियमात नव्हती, नव्यात नाही. तुमच्या शीर्षकाचं उत्तर: नाही, कधीच कळणार नाही.

इतर ठिकाणी वेगळं आहे. अमेरिकेत साध्या गुन्हेगारी तपासातल्या टॅपिंगला आधी न्यायाधीशाचा आदेश लागतो, एका वेळी ३० दिवस. ऐकणं संपल्यावर सर्वसाधारणपणे ९० दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. हेरगिरीचं टॅपिंग तिथेही वेगळ्या गुप्त न्यायालयाकडे जातं, तिथे असं कळवणं नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीत फौजदारी तपास संपल्यावर कळवायचं बंधन आहे, तपासाला धोका असेल तर ते पुढे ढकलता येतं. ढकलणंही न्यायालयाच्या नजरेखाली.

जुना_टेलिफोनवाला

पण कळवायचं तर कशाच्या आधारावर? माझ्या माहितीप्रमाणे आदेशाचे आणि ऐकलेल्याचे कागद दर सहा महिन्यांनी नष्ट करायचा नियम आहे. पुतण्याच्या कंपनीला तर ऐकणं बंद झाल्यापासून दोन महिन्यांत आपले कागद संपवावे लागतात.

उंबरठा

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. नष्ट करायचा नियम १९९६ मध्ये आपल्यासाठीच आला ना? कोणाचं बोलणं कपाटात पडून राहू नये म्हणून. आणि त्याच नियमाने, आपलं ऐकलं गेलं होतं याची खूणही पुसली जाते. सहा महिन्यांनी मी न्यायालयात गेले तरी सरकार खरेपणाने सांगू शकतं की आमच्याकडे काही नाही.

कलमबहाद्दर

हो. आणि नियमातच एक खिडकी आहे: कामासाठी गरज असेल तर जपून ठेवता येतं. गरज आहे की नाही हे ठरवणार तेच. म्हणजे त्यांना हवं ते राहतं, तुम्हाला हवं ते जातं. माझं मत विचाराल तर बोलणं नष्ट करा, आदेशाचा कागद मात्र ठेवा. दोन्ही एकाच चुलीत घालायची गरज नव्हती.

घड्याळजी

सहमत. शिवाय आदेशांची नुसती संख्या दरवर्षी जाहीर करायला कुठल्या तपासाला धक्का बसतो? अमेरिकेत फौजदारी टॅपिंगचा वार्षिक अहवाल छापतात. आपल्याकडचा माझा वरचा आकडाही कोणीतरी अर्ज केला म्हणून हाती आला.

निर्धास्त

मी पूर्ण पटलो असं समजू नका. फाईल बंद झाली म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. दहशतवाद्याला ‘आम्ही तुझं ऐकत होतो’ असं पत्र पाठवायचं का? तो दुसऱ्या दिवशी सगळे नंबर बदलेल, त्याच्या ओळखीचेही बदलतील.

पण लाचेच्या किंवा तसल्या प्रकरणात वर्षाने कळवायला माझी हरकत नाही. मामांचं ठिकाण घेतलं ते पोलिसांनी मामांना नंतर पत्राने कळवलं असतं तरी चाललं असतं. त्यांना ते आठवलं नसतं, पण मामींनी फाईलला लावून ठेवलं असतं.

टवाळ_टोळ

मामी रॉक्स. आढावा समितीवर मामींना घ्या.

अर्धविराम

टेलिफोनवाले काका, एक शंका. ती पंधरा दिवसांची यादी अजून जाते का? मध्ये वाचलं होतं की सीडॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने केंद्रीय देखरेख यंत्रणा उभारली, सीएमएस, आणि त्यात कंपनीच्या माणसाच्या हातून काही जातच नाही. सरकारचं म्हणणं असं की उलट त्यामुळे गुप्तता वाढते, कंपनीतून नावं फुटत नाहीत.

जुना_टेलिफोनवाला

दोन्ही खरं आहे. नावं फुटायची, आमच्या वेळी चार-पाच जणांना माहीत असायचंच असं मी वर लिहिलंय. एखादा पैसे घेऊन सांगणारा निघायचाही. पण त्याच चार-पाच जणांपैकी एखादा कधी साहेबांना विचारायचा, ‘साहेब, या नंबरचा लिफाफा दिसला नाही, जंपर मात्र बसलाय.’ एकदा असं मीच विचारलं होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जंपर निघालेला होता.

यादीचं पुतण्याला विचारतो. फोनवर नाही सांगणार तो, दिवाळीत येईल तेव्हा.